तीन परंपरांतला ‘धर्म’: परिभाषेचं टिपण करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ठाण्यात आमचा एक छोटा वाचनगट आहे. त्यातले काही जण ‘धर्म’ या संज्ञेवर तौलनिक परिभाषेचा निबंध लिहीत आहेत. काम सुरू झाल्यापासून तेच ते प्रश्न फोनवर, रिक्षात आणि चहाच्या टेबलावर पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. इथे धर्माचं तत्त्वज्ञान सांगितलेलं नाही. हा शब्द एखाद्या वाक्यात दिसला की तो कोणत्या नोंदीत टाकायचा, एवढंच पाहिलं आहे.

तीन परंपरा कोणत्या?

वैदिक-ब्राह्मणी, बौद्ध आणि जैन. ब्राह्मणी परंपरेत मुख्यतः मीमांसा आणि न्याय-वैशेषिक घेतलं आहे, कारण तिथे धर्माची काटेकोर व्याख्या मिळते. धर्मशास्त्रासाठी म. म. पां. वा. काणे यांचा पाच खंडांचा इतिहास आहेच. त्याचा पहिला खंड १९३० सालचा. तो वाचूनच या कामाला हात घालावा.

तीन परंपरा म्हणजे तीन नोंदी ना? एकेका परंपरेचा एकेक अर्थ लिहिला की झालं.

नाही. बहुतेक मसुदे इथेच फसतात. ‘हिंदूंत धर्म म्हणजे कर्तव्य, बौद्धांत धर्म म्हणजे उपदेश, जैनांत धर्म म्हणजे अहिंसा’ असा तीन ओळींचा तक्ता फार सुटसुटीत दिसतो, आणि पहिल्याच मूळ ग्रंथाशी गाठ पडली की कोलमडतो. कारण प्रत्येक परंपरेत या शब्दाचे किमान तीन-चार अर्थ एकाच वेळी चालू असतात, आणि त्यांतले काही अर्थ परंपरांच्या सीमा ओलांडून समाईक असतात. ‘सदाचार’ हा अर्थ तिन्हीकडे आहे. ‘वस्तूच्या ठिकाणी असलेला विशेष’ हा अर्थ नैयायिकांकडे आहे आणि जैनांकडेही आहे. उलट ‘गतीला साहाय्य करणारं द्रव्य’ हा अर्थ फक्त जैनांचा.

म्हणून नोंदी अर्थानुसार पाडायच्या आणि प्रत्येक नोंदीत परंपरेचं नाव लिहायचं. परिभाषाशास्त्रात एका संकल्पनेला एक नोंद हा नियम आहे. तो इथे तंतोतंत पाळला तर अर्धी भांडणं मिटतात.

पण दोन अर्थ खरंच वेगळे आहेत की नुसती छटा आहे, हे ठरवायचं कसं?

मी तीन कसोट्या वापरतो. पहिली आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे विरुद्धार्थाची: या वाक्यातल्या ‘धर्मा’समोर ‘अधर्म’ ठेवला तर त्याचा अर्थ काय होतो? मीमांसेत अधर्म म्हणजे निषिद्ध, अनिष्ट फळ देणारं. जैन द्रव्यविचारात अधर्म म्हणजे स्थिर राहायला साहाय्य करणारं द्रव्य. त्यात पापाचा लवलेश नाही, कोणी त्याची निंदा करत नाही. आणि अभिधम्मातल्या ‘धम्म’ या घटकवाचक अर्थाला विरुद्ध शब्दच नाही. विरुद्धार्थ बदलला म्हणजे संकल्पना बदलली, हे बहुतेक वेळा खात्रीने म्हणता येतं.

दुसरी कसोटी वचनाची. शब्द अनेकवचनात सहज जातो का, आणि गेला तर काय मोजलं जातं? तिसरी षष्ठीची: ‘कशाचा धर्म?’ हा प्रश्न विचारता येतो का? अग्नीचा धर्म, वर्णाचा धर्म, बुद्धाचा धम्म, या तिन्ही षष्ठ्या तीन वेगळे संबंध सांगतात. जैनांच्या धर्मद्रव्याला तर ‘कशाचा?’ विचारताच येत नाही. ते स्वतःच द्रव्य आहे, कोणाचंही नाही.

सगळे अर्थ ‘धृ’ धातूपासूनच आले ना? मग मूळ अर्थ ‘धारण करणं’ असं लिहून टाकू?

व्युत्पत्तीच्या रकान्यात जरूर लिहा. व्याख्येच्या रकान्यात नको. ऋग्वेदात हा शब्द बहुधा ‘धर्मन्’ या नपुंसकलिंगी रूपात येतो, अर्थ आधार, टेकू, पायाभूत नियम असा. पुरुषसूक्ताच्या शेवटच्या ऋचेत ‘तानि धर्माणि प्रथमान्यासन्’ आहे, तिथलं ‘धर्माणि’ हे या ‘धर्मन्’चंच अनेकवचन. पुढे अकारान्त पुल्लिंगी ‘धर्म’ रूढ झाला.

अडचण अशी की ‘धारण’ या क्रियापदाला प्रत्येकाने आपापला कर्ता आणि आपापलं कर्म जोडलं. महाभारतात ‘धारणाद्धर्म इत्याहुः’ म्हणताना धर्म प्रजेला धारण करतो. वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्यात धर्म स्वतःचं लक्षण धारण करतो म्हणून तो धर्म. समंतभद्रांच्या रत्नकरंड-श्रावकाचारात धर्म जीवांना संसारदुःखातून काढून उत्तम सुखात धरतो. एकात समाज धरला जातो, दुसऱ्यात स्वलक्षण, तिसऱ्यात जीव. तिघांचीही व्युत्पत्ती बरोबर आहे आणि तिघांपैकी कोणाचीही व्याख्या त्यातून आपोआप निघत नाही. व्याख्या आधी ठरली, धातू नंतर तिच्या बाजूने साक्षीला उभा केला.

मीमांसेची व्याख्या थोडक्यात सांगाल?

थोडक्यात सांगतो, पण त्यातला एक शब्द नीट उलगडायला हवा. जैमिनीचं सूत्र आहे, ‘चोदनालक्षणोऽर्थो धर्मः’ (१.१.२). चोदना म्हणजे प्रवृत्त करणारं वेदवाक्य, ‘यजेत’सारखं. ज्याचं ज्ञान अशा वाक्यातूनच होतं आणि जो ‘अर्थ’ आहे, तो धर्म.

विद्यार्थी ‘चोदना’वर पानभर लिहितात आणि ‘अर्थ’ला ‘वस्तू’ म्हणून सोडून देतात. खरी मेख त्यातच आहे. शबरस्वामी विचारतात, हा शब्द सूत्रात कशाला घातला? त्यांचं उत्तर: अनर्थ वगळायला. उदाहरण श्येनयागाचं. शत्रूचा घात करू पाहणाऱ्याने श्येनयाग करावा, असं वाक्य वेदात आहे. म्हणजे चोदना आहे. तरी तो धर्म नाही, कारण त्यातून घडते ती हिंसा, आणि हिंसा निषिद्ध आहे. वेद तिथे उपाय सांगतो. ‘हे कर’ अशी आज्ञा शत्रू मारण्याला देत नाही.

परिभाषेच्या दृष्टीने याचं मोल असं की ‘वेदात सांगितलेलं ते सगळं धर्म’ ही व्याख्या खुद्द मीमांसकांना मान्य नाही. तुमच्या नोंदीत दोन्ही अटी हव्यात: वेदविधीतून कळणं आणि श्रेयस्कर असणं. पुढे कुमारिलांनी त्या त्या यागातली द्रव्यं, गुण आणि कर्मं यांनाच धर्म म्हटलं, कारण श्रेय त्यांच्यातून साधतं. म्हणजे दही, सोम, आहुती देण्याची कृती हीदेखील धर्म! आजच्या मराठी कानाला हे फार विचित्र वाटतं. विचित्र वाटतं म्हणूनच स्वतंत्र टीप द्यावी.

न्याय-वैशेषिकांचा ‘धर्म’ वेगळा का धरायचा?

कारण तिथे एकाच शास्त्रात दोन अगदी वेगळे धर्म आहेत. चोवीस गुणांच्या यादीत शेवटाकडे ‘धर्म, अधर्म, संस्कार’ येतात. तिथे धर्म म्हणजे विहित कर्मामुळे आत्म्याच्या ठिकाणी उपजणारा न दिसणारा गुण, ज्याला आपण पुण्य म्हणतो. आणि अनुमान सांगताना तेच नैयायिक ‘पक्षधर्मता’ म्हणतात. तिथे धर्म म्हणजे एखाद्या आश्रयावर असलेलं काहीही. डोंगरावर धूर आहे, तर धूर हा त्या डोंगराचा धर्म आणि डोंगर हा धर्मी. त्यात पुण्याचा काही संबंध नाही.

दुसरा अर्थ मराठीत अजून ठणठणीत जिवंत आहे. आमच्या गटातल्या एक निवृत्त रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या, ‘अहो, मी तीस-एक वर्षं फळ्यावर आम्लांचे गुणधर्म लिहीत आले, तो धर्म हाच की!’ हाच. शाळेतल्या ‘गुणधर्मा’चं मूळ पुण्यापापाच्या धर्मात शोधू नये, ते धर्म-धर्मी या जोडीत आहे.

बौद्ध परंपरेत नक्की किती अर्थ धरायचे?

इथे आपल्याला मोठी मदत मिळते, कारण हे काम अट्ठकथाकारांनी आधीच करून ठेवलं आहे. धम्मसंगणीवरच्या अट्ठसालिनी या अट्ठकथेत ‘धम्म हा शब्द इतक्या अर्थांनी दिसतो’ असं सांगून यादी दिली आहे: परियत्ति, हेतु, गुण, निस्सत्त-निज्जीवता. म्हणजे अभ्यासायचं वचन, कारण, सद्गुण, आणि जिथे कोणी सत्त्व नाही, जीव नाही असा नुसता घटक. प्रत्येक अर्थाला पाली वाङ्मयातलं उदाहरणही जोडलं आहे. अर्थ, मग वापराचा दाखला, अशी आजच्या कोशकाराची रीतच ती.

गुण या अर्थाचं उदाहरण पाहा. धम्म आणि अधम्म यांची फळं सारखी नसतात. अधम्म नरकात नेतो, धम्म सुगतीला पोचवतो, अशी ती गाथा आहे. विरुद्धार्थाची कसोटी लावा: अधम्म म्हणजे दुराचार. हा अर्थ ब्राह्मणी किंवा जैन वाचकालाही परका वाटणार नाही.

आता चौथा अर्थ. धम्मसंगणीच्या मातिकेची सुरुवातच अशी: कुसला धम्मा, अकुसला धम्मा, अब्याकता धम्मा. कुशल धम्म, अकुशल धम्म, आणि दोन्हींत न बसणारे. लोभ, द्वेष, मोह हे अकुशल, पण आहेत धम्मच. मीमांसकाच्या भाषेत द्वेषाला धर्म म्हणणं अशक्य. इथे द्वेषाला ‘अधम्म’ म्हटलं तर वर्गीकरणच मोडतं. या अर्थाने धम्म मोजता येतात. थेरवादी अभिधम्म ८२ मोजतो, सर्वास्तिवादी ७५. आकडा वेगळा आहे याचा अर्थ जगाबद्दलचं मत वेगळं आहे. ‘धम्म’ या संज्ञेचा अर्थ दोघांचा जवळपास एकच.

तेव्हा बौद्ध नोंदी निदान तीन कराव्यात: उपदेश, सद्गुण, घटक. ‘हेतु’ हा अर्थ विशिष्ट संदर्भात, पटिसंभिदांच्या चर्चेत येतो. त्याला छोटी उपनोंद पुरे.

‘सब्बे धम्मा अनत्ता’ आणि ‘सर्वधर्मान् परित्यज्य’ यांतला ‘सर्व धर्म’ एकच का?

हा प्रश्न ऐरोलीहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारला, आणि तोच पुढे निबंधाचा कणा झाला. त्याने एका मराठी भाषांतरात ‘सर्व धर्म अनात्म आहेत’ असं वाचलं होतं आणि शेजारच्या काकांनी त्याचा अर्थ ‘सगळ्या धर्मांत आत्मा उरलेला नाही’ असा लावला होता. काकांची चूक नाही. आजच्या मराठीत अनेकवचनी ‘धर्म’ म्हणजे हिंदू, बौद्ध, इस्लाम वगैरे, दुसरं काही डोक्यात येतच नाही.

या दोन वाक्यांत तिसरं जैन वाक्य घालून तिन्ही शेजारी मांडू. तिन्हींत ‘धर्म’ अनेकवचनी किंवा अनेकवाचक आहे.

पहिलं धम्मपदातलं. २७७ ते २७९ या गाथा सलग वाचाव्या लागतात. ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’, मग ‘सब्बे सङ्खारा दुक्खा’, आणि तिसऱ्यांदा शब्द बदलतो: ‘सब्बे धम्मा अनत्ता’. का बदलला? संखार म्हणजे हेतुप्रत्ययांनी घडलेलं. निब्बान घडलेलं नाही, म्हणून ते अनित्य नाही आणि दुःख नाही. पण तेही आत्मा नव्हे. अनात्मतेत निब्बानालाही घ्यायचं तर ‘संखार’ अपुरा पडतो, ‘धम्म’ लागतो. थेरवादात रूढ असलेलं स्पष्टीकरण हे असं. धम्मपदाची अट्ठकथा मात्र याच जागी ‘धम्म’ म्हणजे पाच स्कंधच घ्यावेत असं म्हणते. निबंधात दोन्ही नोंदवा. कोणतंही घेतलं तरी इथला धम्म घटकवाचक आहे, आणि त्यात निवडून सोडायचं किंवा धरायचं असं काही नाही.

दुसरं गीतेतलं, १८.६६. इथे धर्म ‘परित्यज्य’, म्हणजे सोडायचे आहेत. जे सोडता येतं ते आचरलंही जात असणार. म्हणजे हे धर्म विहित कर्मांच्या गोत्रातले. शंकराचार्य भाष्यात म्हणतात की इथे धर्म या शब्दाने अधर्मही घ्यावा, कारण सांगायचंय नैष्कर्म्य. रामानुजांनी एका अर्थाने कर्म, ज्ञान, भक्ती हे योग घेतले आणि दुसऱ्या अर्थाने प्रायश्चित्तं. ज्ञानेश्वरांनी तर धर्मादिक हे अज्ञानाने व्यालेलं, स्वर्गनरक सुचवणारं असं म्हणून ते ज्ञानाने सांडायला सांगितलं. मतं वेगळी, पण सगळ्यांच्या डोळ्यासमोर धर्म-अधर्म ही जोडीच आहे.

तिसरं हेमचंद्रांच्या अन्ययोगव्यवच्छेदिकेतलं: तत्त्व हे ‘अनन्तधर्मात्मक’च असतं. इथे धर्म सोडायचे नाहीत आणि त्यांना अनात्म ठरवायचंही नाही. एका घड्याच्या ठिकाणी किती बाजूंनी किती विशेष सांगता येतील, ते हे धर्म. षष्ठीची कसोटी लगेच लागू पडते: घड्याचे धर्म. हा नैयायिकांच्या धर्म-धर्मीचा सख्खा शेजारी.

तीन अनेकवचनं, तीन संकल्पना. मोजलं जातं ते अनुक्रमे अस्तित्वाचे घटक, आचरायची कर्मं आणि वस्तूचे विशेष. निबंधात भाषांतर देताना मी सुचवतो ते असं: पहिल्यात ‘धम्म’ तसाच ठेवून ‘अस्तित्वातले सर्व घटक’ असा खुलासा, दुसऱ्यात ‘सर्व विहित कर्मं’, तिसऱ्यात ‘गुणधर्म’. ‘सर्व धर्म’ असं नुसतं कुठेही लिहू नका. काका वाचणार आहेत.

जैनांचं धर्मद्रव्य म्हणजे नेमकं काय? गुरुत्वाकर्षण म्हणायचं का?

गुरुत्वाकर्षण अजिबात नको. ते ओढतं, आणि धर्मद्रव्याची सगळी गंमत ते काहीच ओढत-ढकलत नाही यात आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायाचं पहिलं सूत्र अजीव अस्तिकाय मोजतं: धर्म, अधर्म, आकाश, पुद्गल. पुढे ५.१७ मध्ये धर्म आणि अधर्म यांचं कार्य सांगितलं: गतीला आणि स्थितीला उपग्रह, म्हणजे अनुग्रह, साहाय्य. नेमिचंद्रांच्या द्रव्यसंग्रहात माशाचा दाखला आहे. पोहणाऱ्या माशाला पाणी जसं साहाय्य करतं, तसं गतीत परिणत झालेल्या जीव-पुद्गलांना धर्म. आणि गाथेचा शेवट मुद्दाम वाचावा: थांबलेल्यांना तो नेत नाही. अधर्मासाठी वाटसरू आणि सावलीचा दाखला आहे. सावली वाटसरूला हात धरून बसवत नाही, पण बसायचं असेल तर उपयोगी पडते.

हे द्रव्य एकच आहे, अमूर्त आहे, स्वतः निष्क्रिय आहे आणि सबंध लोकभर व्यापलेलं आहे. लोकाच्या बाहेर, अलोकाकाशात, ते नाही. इथे ही कल्पना मोक्षाच्या विचाराला येऊन भिडते. मुक्त जीव स्वभावाने वर जातो. मग तो अनंतकाळ वरच का जात राहत नाही? लोकाग्रावर का थांबतो? उत्तर: पुढे धर्मास्तिकाय नाही. दिगंबर पाठात हे ‘धर्मास्तिकायाभावात्’ असं स्वतंत्र सूत्र आहे (१०.८). श्वेतांबर पाठात ते सूत्र म्हणून नाही, हाच मुद्दा भाष्यात येतो. सूत्रक्रमांक देताना कोणता पाठ वापरला ते लिहायला विसरू नका, नाहीतर परीक्षकाला ते सूत्र सापडणारच नाही.

नोंद साधारण अशी दिसेल:

संज्ञा: धर्म (धर्मद्रव्य, धर्मास्तिकाय).
परंपरा: जैन, द्रव्यविचार.
व्याख्या: गतिमान जीव आणि पुद्गल यांच्या गतीला उदासीन साहाय्य करणारं, लोकव्यापी, अमूर्त, एक अजीव द्रव्य.
विरुद्ध संज्ञा: अधर्म, म्हणजे स्थितीला तसंच साहाय्य करणारं द्रव्य.
वेगळं धरावं: धर्म (सदाचार), धर्म (वस्तुस्वभाव).

व्याख्येतला ‘उदासीन’ हा शब्द काढू नका. तो काढला की वाचक पुन्हा गुरुत्वाकर्षणाकडे वळतो.

मग जैनांचा ‘अहिंसा परमो धर्म’ कुठे गेला?

तो वेगळ्या नोंदीत. (हे वचन जैन म्हणून सर्रास उद्धृत होतं, पण ते महाभारतातही येतं, जैन दाखला हवा तर तो वापरू नये.) दशवैकालिकसूत्राची पहिलीच गाथा घ्या: ‘धम्मो मंगलमुक्किट्ठं, अहिंसा संजमो तवो’. अहिंसा, संयम, तप हा उत्कृष्ट मंगल धर्म. तत्त्वार्थसूत्रात ९.६ ला उत्तम क्षमेपासून ब्रह्मचर्यापर्यंतचे दहा धर्म येतात. पर्युषणानंतरच्या दशलक्षण पर्वात दिगंबर मंडळी ज्यांचं एकेक दिवस चिंतन करतात, ते हेच. टेंभी नाक्याच्या देरासरात येणाऱ्या श्रावकाला ‘धर्म म्हणजे काय’ विचारलंत तर तो अहिंसेबद्दल किंवा सामायिकाबद्दल बोलेल, गतिसाहाय्याबद्दल नाही. पण पाठशाळेत षड्द्रव्यं शिकलेला मुलगा दोन्ही सांगेल, आणि त्याला त्यात काही खटकणार नाही.

स्वामी कार्तिकेयांच्या अनुप्रेक्षेत एकाच गाथेत चार व्याख्या ओळीने आहेत: वस्तूचा स्वभाव तो धर्म, क्षमा वगैरे दहा भाव तो धर्म, रत्नत्रय तो धर्म, जीवांचं रक्षण तो धर्म. आणि या चारांत धर्मद्रव्य नाही! गाथाकाराला ते माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? त्याने त्याला या शब्दाचा एक अर्थ म्हणून मोजलंच नाही.

म्हणजे धर्मद्रव्य हा ‘धर्म’चा आणखी एक अर्थ नसून योगायोगाने सारखा दिसणारा दुसराच शब्द आहे?

माझं मत त्या बाजूला झुकतं, निदान नोंदी करण्यापुरतं. कोशात अनेकार्थी शब्दाला एकाच शीर्षकाखाली १, २, ३ असे अर्थ देतात, आणि समरूप पण वेगळ्या शब्दांना स्वतंत्र शीर्षकं देतात. उपदेश, सदाचार, विहित कर्म हे अर्थ एकमेकांत मिसळतात, एका वाक्यात दोन अर्थ एकदम चालतात. धर्मद्रव्य कधीच मिसळत नाही. ‘त्याने धर्म केला आणि धर्मामुळे हलला’ असा श्लेष कोणी केला तर तो श्लेष म्हणूनच कळेल.

ऐतिहासिक नातं नाकारता येत नाही. धारण, आधार या जुन्या अर्थातून गतीचा आधार असा धागा काढता येतो, आणि तो पटण्यासारखाही आहे. पण पारिभाषिक कोशाचा निर्णय आजच्या संकल्पनांच्या नात्यावर ठरतो, पूर्वजांवर नाही. म्हणून शीर्षक वेगळं, व्युत्पत्तीत दुवा.

मजकुरात शोध घेताना ‘धर्माधर्म’ टाकलं की सगळं एकत्र येतं. काय करू?

ही पक्की अडचण आहे. वैशेषिकांचा ‘धर्माधर्म’ म्हणजे पुण्य-पाप, जैनांचा म्हणजे गती-स्थितीची द्रव्यं, समास अक्षरशः एक. जैन ग्रंथांतच दोन्ही अर्थांनी येऊ शकतो, म्हणून ग्रंथ कोणाचा ते पाहून भागत नाही. शेजारी बघा. आकाश, पुद्गल, काल, लोक हे शब्द जवळ असतील तर द्रव्य. सुख, दुःख, इच्छा, द्वेष, संस्कार असतील तर आत्म्याचे गुण. दोन-तीन ओळी मागेपुढे वाचूनही ठरेना तर त्या उताऱ्याला ‘अनिश्चित’ असा शेरा मारून बाजूला ठेवा. जबरदस्तीने रकान्यात बसवलेला दाखला पुढे व्याख्येला नडतो.

अशोकाचा धम्म बौद्ध नोंदीत घालायचा ना?

घाई करू नका. हा प्रश्न आपल्याच अंगणातला आहे. आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याला सापडला. तेव्हा आणि पुढे २०१४ पर्यंत सोपारा ठाणे जिल्ह्यातच होतं, आता पालघरमध्ये आहे. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली मिळाला. आठव्या लेखाचा विषयच ‘धम्मयात्रा’. पूर्वीचे राजे मृगयेच्या विहारयात्रा करत, अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला जाऊन ही दुसरी यात्रा सुरू केली: ब्राह्मण-श्रमणांची भेट, दान, वृद्धांची विचारपूस, खेड्यापाड्यांतल्या लोकांना धम्माचा उपदेश आणि त्यांच्याशी धम्मविषयक प्रश्नोत्तरं.

ब्राह्मण आणि श्रमण दोघे एकत्र आले, हे लक्षात घ्या. दुसऱ्या स्तंभलेखात राजा स्वतःच विचारतो, धम्म म्हणजे काय? आणि उत्तर देतो: पाप कमी, कल्याण पुष्कळ, दया, दान, सत्य, शुचिता. चार आर्यसत्यं नाहीत, निब्बान नाही. कंदाहारच्या १९५८ मध्ये सापडलेल्या द्विभाषिक लेखात ग्रीक लेखनिकाने धम्मासाठी ‘युसेबिया’ घातलं, म्हणजे देवांविषयी, वडीलधाऱ्यांविषयी पूज्यभाव, भक्तिशील वागणूक. त्या काळच्या भाषांतरकाराला तरी तो एका पंथाचा सिद्धान्त वाटला नव्हता. तेव्हा अशोकाचा धम्म ‘सदाचार’ या समाईक नोंदीत, ‘राजशासन, शिलालेख’ असा शेरा लावून. अशोक स्वतः उपासक होता, ते टिपेत.

‘धर्म म्हणजे रिलिजन’ ही नोंद हवी का?

हवी, पण तीन परंपरांच्या शास्त्रीय नोंदींबाहेर, ‘आधुनिक वापर’ म्हणून. जनगणनेच्या फॉर्मातला धर्म तो हा. जुन्या ग्रंथाचा एकही दाखला या नोंदीखाली देऊ नका.

मराठीत ‘धर्म’ लिहू की ‘धम्म’?

पाली किंवा प्राकृत मजकूर उद्धृत करत असाल तर ‘धम्म’, संस्कृत बौद्ध ग्रंथ असेल तर ‘धर्म’. वसुबंधूला ‘धम्म’ म्हणायला लावू नका, तो संस्कृतात लिहितो. जैन आगमांतही ‘धम्म’च आहे, त्यामुळे ‘धम्म दिसला म्हणजे बौद्ध’ हे समीकरण टिकत नाही. वरची दशवैकालिकाची गाथा पाहा.

आजच्या महाराष्ट्रात ‘धम्म’ला आणखी एक, अगदी ठरवून दिलेला अर्थ आहे. १९५६च्या नागपूरच्या दीक्षेनंतर, आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथात, धम्म हा रिलिजनहून वेगळा म्हणून मांडला गेला: रिलिजन व्यक्तिगत आणि धम्म सामाजिक, असा तो भेद. हा अट्ठकथेतल्या चारपैकी कोणताही एक अर्थ नव्हे, आणि ‘पाली शब्दाचा चुकीचा वापर’ तर नव्हेच. ती स्वतंत्र व्याख्या आहे, तिचा कर्ता आणि काळ माहीत आहे, म्हणून ‘धम्म (आंबेडकर)’ अशी वेगळी नोंद करा. आमच्या गटात यावर बरीच चर्चा झाली. शेवटी तिला बौद्ध गटातच, पण ‘नवयान’ या उपशीर्षकाखाली घ्यायचं ठरलं.

अकारविल्हे सूची लावताना ‘धम्म’ आधी येतो आणि ‘धर्म’ बराच नंतर, त्यामुळे दोन्हीकडे परस्परसंदर्भ द्यावे लागतात. ‘धर्मास्तिकाय’ या स्वतंत्र शीर्षकापाशी ‘धर्म पाहा’ असं लिहू नका, ‘धर्म (जैन, द्रव्य) पाहा’ असं पूर्ण लिहा.